पहिली सोनेखरेदी : हॉलमार्क काय सांगतो आणि काय सांगत नाही

तुळशीचे लग्न आटोपले की लग्नाच्या तिथी सुरू होतात आणि वेरूळ, खुलताबाद, कन्नड या पट्ट्यातील घराघरांत सोन्याचा विषय निघतो. मका आणि कापूस विकून चार पैसे हाती आलेले असतात. ज्या घरात आजवर सोने आले ते आजीच्या पेटीतून किंवा सासरच्या आहेरातून, त्या घरातील मुलगा किंवा मुलगी प्रथमच स्वतःच्या कमाईतून दागिना घ्यायला निघते, तेव्हा दोन प्रश्न समोर उभे राहतात. सोने चोख आहे हे ओळखायचे कशावरून, आणि ते घ्यायचे कोणाकडून? गावातील ओळखीचा सराफ, सुमारे तीस किलोमीटरवरील छत्रपती संभाजीनगरचा जुना सराफा, तेथील मोठी वातानुकूलित दालने किंवा थेट सुवर्णनगरी म्हणून ख्यात असलेले जळगाव, असे सारेच पर्याय खुले असतात. सल्ला देणारेही कमी नसतात.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आता बहुतेकांना पाठ झाले आहे : हॉलमार्क पाहून घ्यावे. हे उत्तर बरोबर आहे, परंतु अपुरे आहे. हॉलमार्क एका दागिन्याच्या शुद्धतेची ग्वाही देतो. त्या दागिन्याचे वजन, त्यातील खड्यांची किंमत, घडणावळीचा दर किंवा तो परत घेण्याची हमी यांपैकी कशाशीही त्याचा संबंध नाही. शिवाय कायद्याने काही दागिने आणि काही सराफ या सक्तीतून वगळलेले आहेत. लहान गावातील बेताची पहिली खरेदी नेमकी याच वगळलेल्या भागात जाऊन पडण्याचा संभव असतो.

तीन खुणांचा शिक्का

भारतीय मानक ब्युरोने, म्हणजे बीआयएसने, सोन्याच्या दागिन्यांसाठी हॉलमार्कची योजना २००० साली सुरू केली. पुढील दोन दशके ती ऐच्छिक होती. १६ जून २०२१ पासून ज्या जिल्ह्यांत तपासणी केंद्रे उपलब्ध होती अशा २५६ जिल्ह्यांत ती सक्तीची झाली आणि नंतर टप्प्याटप्प्याने आणखी जिल्हे त्यात आले. छत्रपती संभाजीनगर जिल्हा सक्तीच्या क्षेत्रात मोडतो. जुलै २०२१ मध्ये प्रत्येक दागिन्याला स्वतंत्र क्रमांक देण्यास प्रारंभ झाला आणि १ एप्रिल २०२३ पासून असा क्रमांक नसलेला दागिना हॉलमार्कचा म्हणून विकता येत नाही.

आजच्या शिक्क्यात तीन खुणा असतात. पहिली बीआयएसची त्रिकोणी मुद्रा. दुसरी शुद्धतेची, उदाहरणार्थ 22K916. तिसरी इंग्रजी अक्षरे व अंक मिळून झालेला सहा चिन्हांचा क्रमांक, ज्याला एचयूआयडी म्हणतात. माणसाला जसा आधार क्रमांक, तसा दागिन्याला हा क्रमांक. एकच क्रमांक दोन दागिन्यांना दिला जात नाही.

९१६ या आकड्याचा अर्थ सरळ आहे. चोख सोने २४ कॅरटचे मानले, तर २२ कॅरट म्हणजे २४ भागांतील २२ भाग सोने. हजारात मोजले तर ते ९१६ भाग होतात. उरलेले ८४ भाग तांबे, चांदी यांसारख्या धातूंचे. त्यांच्याशिवाय दागिन्याला टणकपणा येत नाही. १८ कॅरटवर ७५० आणि १४ कॅरटवर ५८५ असा आकडा असतो. अलीकडे, २०२५ मध्ये, ९ कॅरटलाही हॉलमार्कच्या कक्षेत घेण्यात आले असून त्यावर ३७५ असते. शिक्का आहे एवढ्यावर समाधान न मानता आकडाही वाचावा तो यासाठीच. ७५० चा शिक्का पूर्णपणे खरा असू शकतो आणि तरीही त्या दागिन्यासाठी २२ कॅरटचा भाव लावला जाऊ शकतो.

एक गल्लत मात्र गावोगावी आढळते. दागिन्यावर नुसते ९१६ कोरलेले असते किंवा विक्रेता ‘हे केडीएम आहे’ असे सांगतो आणि ग्राहक त्यालाच हॉलमार्क समजतो. नुसता ९१६ हा आकडा कोणीही, कोणत्याही धातूवर ठोकू शकतो. केडीएम हा तर शुद्धतेचा दर्जाच नव्हे. दागिन्याचे भाग झाळून जोडताना कॅडमियम हा धातू वापरण्याच्या पद्धतीचे ते नाव आहे. जोडातील झाळ कमी शुद्धतेची असल्याने पूर्वी सारा दागिना वितळवल्यावर कस उतरत असे. कॅडमियमच्या झाळीने ती घट कमी झाली, पण त्याची वाफ कारागिरांच्या फुफ्फुसांना घातक असते. त्रिकोणी मुद्रा आणि सहा चिन्हांचा क्रमांक नसेल तर बाकी काहीही लिहिलेले असले तरी तो हॉलमार्क नाही.

घरातील जुन्या दागिन्यांची गोष्ट वेगळी. २०२१ पूर्वीच्या हॉलमार्कमध्ये बीआयएसची मुद्रा, शुद्धतेचा आकडा, तपासणी केंद्राची खूण आणि सराफाची खूण असे. असे दागिने ग्राहकाच्या घरी असतील तर ते बाद झालेले नाहीत. त्यांचा जुना शिक्का ग्राह्यच आहे.

दुकानात बसून पडताळणी

शिक्का लेझरने उमटवलेला आणि अतिशय बारीक असतो. अंगठीत व बांगडीत तो आतल्या बाजूस, साखळीत बहुधा कडीजवळच्या पट्टीवर सापडतो. उघड्या डोळ्यांनी तो वाचता येत नाही म्हणून नोंदणीकृत सराफाने किमान दहा पट मोठे दाखवणारे भिंग दुकानात ठेवावे, असा नियमच आहे. भिंग मागण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही. ते लगेच समोर येते की शोधाशोध सुरू होते, एवढ्यावरूनही त्या दुकानाविषयी बरेच कळते.

क्रमांक वाचल्यावर मोबाइलमधील BIS Care या अॅपमध्ये Verify HUID हा पर्याय उघडून तो टाकावा. इंग्रजी O आणि शून्य, B आणि 8 यांची गल्लत होऊ शकते. पहिल्या प्रयत्नात माहिती आली नाही तर अक्षरे पुन्हा पाहावीत. क्रमांक खरा असेल तर ज्या सराफाने तपासणी करून घेतली त्याची माहिती, तपासणी केंद्राचे नाव व पत्ता, दागिन्याचा प्रकार, शुद्धता आणि शिक्का मारल्याची तारीख पडद्यावर येते.

खरी पडताळणी येथून पुढे सुरू होते. माहिती आली म्हणजे दागिना खरा, असे मानून बरेच जण अॅप बंद करतात. वास्तविक एका खऱ्या दागिन्याचा क्रमांक दुसऱ्या खोट्या दागिन्यावर कोरणे अशक्य नाही. अॅप त्या खोट्या दागिन्यासाठीही माहिती दाखवील, कारण क्रमांक अस्तित्वात आहेच. त्यामुळे पडद्यावरील प्रकार हातातील दागिन्याशी जुळतो का, हे पाहिले पाहिजे. हातात साखळी आणि पडद्यावर अंगठी, किंवा हातात 22K916 आणि पडद्यावर १८ कॅरट, असे दिसले तर खरेदी तेथेच थांबवावी.

सराफाच्या नावाबाबत मात्र घाई करू नये. पडद्यावर समोरच्या दुकानाऐवजी मुंबईच्या किंवा जळगावच्या पेढीचे नाव येऊ शकते. घाऊक व्यापारी किंवा कारखानदार दागिने शिक्का मारून घेतात आणि किरकोळ दुकानदार ते विकत घेतो, ही नित्याची गोष्ट आहे. तेवढ्यावरून लबाडीचा संशय घेणे अन्यायाचे ठरेल. समोरच्या दुकानदाराची स्वतःची नोंदणी आहे का, हे वेगळे पाहावे. नोंदणी प्रत्येक दुकानासाठी स्वतंत्र असते आणि तिचे प्रमाणपत्र दुकानात लावलेले असते. शहरातील मुख्य दुकानाचे प्रमाणपत्र तालुक्याच्या शाखेत दाखवले जात असेल तर ते चालत नाही.

जेथे शिक्का पोहोचत नाही

सक्तीतून वगळलेल्या गोष्टींची यादी मोठी आहे. निर्यातीचे दागिने, सोन्याची घड्याळे व पेने यांच्याशी सामान्य ग्राहकाचा संबंध नाही. त्याचा संबंध येतो तो तीन अपवादांशी.

२ ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या दागिन्याला हॉलमार्क सक्तीचा नाही. सोन्याचा भाव चढत गेला तसे पहिल्या खरेदीचे वजन उतरत गेले. नाकातील चमकी, हलकी नथ, बाळाचे डूल, मंगळसूत्रासाठी सुट्या घेतलेल्या वाट्या, दीड ग्रॅमची अंगठी, हे सारे या मर्यादेच्या आत बसते. ज्याच्याजवळ पैसे कमी, त्याच्याच दागिन्याला कायद्याचे संरक्षण नाही, असा हा विचित्र प्रकार आहे. एवढ्या लहान वस्तूवर शिक्का उमटवण्यास जागा नसते आणि तपासणीसाठी सोन्याचा कण काढला तर वस्तूच बिघडते, हे त्यामागील तांत्रिक कारण. तरीही स्वेच्छेने हॉलमार्क केलेले हलके दागिने अनेक दुकानांत मिळतात. मागितले तर दाखवले जातात.

दुसरा अपवाद कुंदन, पोलकी आणि जडावाच्या दागिन्यांचा. त्यात सोने, खडे आणि लाख अशी एकमेकांत गुंतलेली असतात की तपासणी करणे कठीण.

तिसरा अपवाद सराफांचा आहे आणि वेरूळसारख्या गावाच्या दृष्टीने तोच महत्त्वाचा. ज्या सराफाची वार्षिक उलाढाल ४० लाख रुपयांपर्यंत आहे, त्याला ही सक्ती लागू नाही. लहान पेढ्या व कारागीर टिकावेत, हा त्यामागील हेतू. मात्र उलाढाल रुपयांत मोजली जाते आणि भाव बदलत राहतो, हे ध्यानात घेतले पाहिजे. २०२१ मध्ये सक्ती आली तेव्हा २२ कॅरटचा भाव ग्रॅमला साडेचार हजार रुपयांच्या आसपास होता. त्या भावाने ४० लाखांत सुमारे ८९ तोळे सोने बसत असे. तोच भाव ११,००० रुपये धरला तर वर्षाकाठी जेमतेम ३६ तोळे, म्हणजे महिन्याला तीन तोळे होतात. घडणावळ आणि चांदीची विक्री मिळवली तर त्याहूनही कमी. लग्नसराईत दोन-चार घरांची खरेदी झाली तरी एखादे लहान दुकान ही मर्यादा ओलांडते. म्हणून ‘आम्ही लहान, आम्हाला हॉलमार्क लागत नाही’ हे उत्तर पाच वर्षांपूर्वी जितके खरे होते तितके आज असेलच असे नाही.

खरोखरच वगळलेल्या सराफाकडून दागिना घेणे हा गुन्हा नव्हे आणि तो सराफ लबाड असतो असेही नाही. पिढ्यान् पिढ्या व्यवहार असलेले, गावातच राहणारे आणि दिलेला दागिना आयुष्यभर परत घेणारे सराफ आजही आहेत. त्यांच्याकडील दागिन्याची शुद्धता ग्राहकाला स्वतः तपासून घ्यावी लागते, एवढाच फरक. बीआयएसची मान्यता असलेल्या तपासणी केंद्रात सामान्य ग्राहकालाही आपले सोने तपासून लेखी अहवाल घेता येतो. चार नगांपर्यंत त्याचे शुल्क २०० रुपये आणि पाच किंवा अधिक नग असल्यास प्रत्येकी ४५ रुपये आहे. त्यावर कर वेगळा. संभाजीनगरला जाण्याचे बसभाडे धरले तरी दहा ग्रॅमच्या दागिन्यापुढे हा खर्च काहीच नाही. ‘तपासून आणल्यावर पक्का व्यवहार’ ही अट आधीच घालावी. प्रामाणिक सराफाला तिचा राग येत नाही.

कस पाहण्याच्या पद्धती

सराफाच्या पेढीवर काळा कसोटीचा दगड असे. त्यावर दागिना घासून उमटलेली रेघ आणि ठरावीक कसाच्या सळईची रेघ शेजारी ओढून, तेजाब लावून दोन्हींचा रंग ताडला जाई. ‘बावनकशी’ हा शब्द मराठीत आला तो याच व्यवहारातून. मुरलेला सराफ २२ आणि १८ कॅरट डोळे झाकून सांगेल, परंतु ९१६ आणि ९०० यांतील फरक रेघेवरून सांगणे त्यालाही अवघड जाते. नेमका तेवढ्याच फरकात नफा दडलेला असतो.

आता मोठ्या दुकानांत क्ष-किरणांवर चालणारे यंत्र असते. दागिना ठेवला की मिनिटभरात शुद्धतेचे टक्के पडद्यावर येतात. सोय चांगली आहे, पण यंत्र फक्त वरचा अगदी पातळ थर पाहते. वर सोन्याचा जाड मुलामा आणि आत दुसराच धातू असेल तर ते फसू शकते. त्यामुळे जागा बदलून, विशेषतः जोडाजवळ आणि घासल्या गेलेल्या भागावर दोन-तीन वेळा मोजायला सांगावे.

सर्वांत भरवशाची पद्धत अग्निपरीक्षेची. दागिन्यातून खरवडून घेतलेला सोन्याचा कण काटेकोर तोलतात, त्यात शिसे व चांदी मिसळून भट्टीत तापवतात. शिसे इतर हलके धातू घेऊन सच्छिद्र मुशीत शोषले जाते. उरलेल्या गोळीतील चांदी नत्राम्लात विरघळवली की निखळ सोने हाती येते. आधीचे आणि नंतरचे वजन ताडले की शुद्धता निघते. हॉलमार्कसाठी केंद्रात नमुन्यावर हीच परीक्षा होते. त्यात खालच्या बाजूने सवलत नाही. ९१६ चा शिक्का हवा असेल तर ९१५ चालत नाही.

एका साखळीचा हिशेब

शुद्धतेची खात्री झाली तरी ग्राहकाची फसवणूक वजनात आणि पावतीत होऊ शकते. किंबहुना हॉलमार्क आल्यानंतर ती तेथेच अधिक होते.

आधी तोळ्याविषयी. घरातील वडीलधारी तोळ्यात बोलतात आणि सराफही तोळ्यात उत्तर देतो. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा होता. आजच्या बाजारात तोळा म्हणजे १० ग्रॅम. आजीची पाच तोळ्यांची पाटली आज तोलली आणि ती ५८ ग्रॅम भरली तर तिला ‘पाच तोळे’ म्हणून मोडीत देणे म्हणजे ८ ग्रॅमवर पाणी सोडणे. बोलणे काहीही झाले तरी पावतीवर ग्रॅमच लिहिले गेले पाहिजेत.

आता दहा ग्रॅमची २२ कॅरट साखळी घेऊ. सोन्याचा भाव रोज बदलतो, तेव्हा हिशेबापुरता चोख सोन्याचा भाव ग्रॅमला १२,००० रुपये धरू. त्या प्रमाणात २२ कॅरटचा भाव ११,००० येतो. साखळीतील सोन्याची किंमत १,१०,००० रुपये. घडणावळ १२ टक्के ठरली असेल तर १३,२००. दोन्ही मिळून १,२३,२०० आणि त्यावर ३ टक्के जीएसटी ३,६९६ रुपये. हॉलमार्कचे शुल्क नगामागे ४५ रुपये असून त्यावर १८ टक्के कर धरून ५३ रुपये १० पैसे. एकूण १,२६,९४९ रुपये १० पैसे. हॉलमार्कसाठी कोणी ग्रॅममागे पैसे आकारत असेल किंवा शे-पाचशे रुपये लावत असेल तर तो आकार चुकीचा आहे.

हीच साखळी दुसऱ्या दिवशी त्याच भावाने मोडली तर हातात फार तर १,१०,००० रुपये येतील. जवळजवळ १७ हजार रुपये एका रात्रीत गेले. घडणावळ घासाघीस करण्याजोगी असते ती यामुळेच. भाव सर्वत्र जवळपास सारखा असतो, पण त्याच साखळीची घडणावळ एका दुकानात ८ टक्के आणि दुसऱ्यात १८ टक्के असू शकते. ‘मजुरी माफ’ असा फलक दिसला तर ‘घट’ या नावाखाली किंवा चढ्या भावात ती वसूल होत नाही ना, हे पाहावे. दोन दुकानांची तुलना करताना एकाच वजनाच्या साध्या साखळीची अखेरची रक्कम दोन्हीकडे विचारावी. सुटे सुटे दर विचारत बसले की ग्राहक हरतो.

खड्यांच्या दागिन्यात धोका मोठा असतो. समजा हार १२ ग्रॅम भरला आणि त्यात दीड ग्रॅम खडे आहेत. सोन्याचा भाव साडेदहा ग्रॅमलाच लागला पाहिजे. पूर्ण १२ ग्रॅमला लावला तर ग्राहक दीड ग्रॅम काचेचे किंवा साध्या खड्यांचे १६,५०० रुपये सोन्याच्या भावाने मोजतो. त्यावर घडणावळ आणि कर पुन्हा वेगळे. मोडताना मात्र खडे काढूनच तोलले जातात. मराठवाड्यात आवडीने घेतली जाणारी बोरमाळ, काही ठुश्या आणि पोकळ गोठ यांत आत लाख भरलेली असते. तिचे वजनही वेगळे दाखवायला हवे. म्हणून पावतीवर एकूण वजन आणि निव्वळ सोन्याचे वजन असे दोन आकडे असावेत. हॉलमार्कच्या दागिन्याच्या पावतीत प्रत्येक नगाचे वर्णन, निव्वळ वजन, कॅरट व शुद्धता आणि हॉलमार्कचे शुल्क वेगवेगळे नमूद करणे सराफावर बंधनकारकच आहे.

सराफ निवडताना

दालनाची झगमग आणि जाहिरातीतील नटी यांवरून सराफाची परीक्षा होत नाही, हे सर्वांना ठाऊक असते आणि तरी गर्दी तेथेच होते. त्याऐवजी तीन गोष्टी विचाराव्यात आणि त्यांची उत्तरे पावतीवर लिहून मागावीत. निव्वळ वजन किती? घडणावळ किती टक्के? आणि हाच दागिना परत आणल्यास कोणत्या भावाने, किती कपात करून घेणार? तिसऱ्या प्रश्नावर बहुतेक दुकानांत तोंडी उत्तर मिळते : ‘आपलेच दुकान आहे, या केव्हाही.’ पाच वर्षांनी दुकानात दुसराच माणूस बसलेला असतो. जो सराफ कपात किती ते लिहून देतो, त्याच्याकडे एक-दोन टक्के घडणावळ अधिक पडली तरी व्यवहार स्वस्तच पडतो.

तोलताना काटा काचेच्या पेटीत असावा आणि पंख्याचा वारा त्यावर येऊ नये. इलेक्ट्रॉनिक काट्याची दरवर्षी वैधमापन विभागाकडून पडताळणी होते. तिचे प्रमाणपत्र दुकानात असते. दागिना ठेवण्यापूर्वी काटा शून्यावर आहे ना, एवढे पाहिले तरी पुष्कळ.

कच्च्या चिठ्ठीवर कर वाचवण्याचा मोह गावाकडे अजून आहे. ३ टक्के वाचतात खरे, वरच्या उदाहरणात ३,६९६ रुपये. पण पुढे दागिना ९१६ चा निघाला नाही तर तो याच दुकानातून, याच दिवशी, याच वजनाचा घेतला होता हे सिद्ध करायला काही उरत नाही.

दरमहा ठरावीक रक्कम भरून वर्षाअखेर सोने देणाऱ्या भिशीसारख्या योजनांबाबत अधिक सावध असावे. २०१९ मध्ये ठाणे-डोंबिवली परिसरातील एका बड्या पेढीची दुकाने एकाएकी बंद झाली आणि अशा योजनेत पैसे भरलेल्या हजारो कुटुंबांवर आकाश कोसळले. तेथे प्रश्न शुद्धतेचा नव्हताच. दागिना हातात येण्यापूर्वीच पैसे दिलेले होते आणि असा पैसा बँकेतील ठेवीसारखा विम्याने सुरक्षित नसतो.

लेणी आणि घृष्णेश्वर यांच्या दर्शनाला येणाऱ्यांसाठी मांडलेल्या दुकानांतील ‘एक ग्रॅम सोन्याचे’ दागिने हा निराळाच माल आहे. तो मुलाम्याचा असतो, हौसेखातर घ्यावा; त्याची मोड येत नाही.

शंका आली तर

समजा, 22K916 असा शिक्का असलेली वरील दहा ग्रॅमची साखळी तपासणी केंद्रात ८७५ निघाली. हजारात ४१ भाग सोने कमी. दहा ग्रॅमवर ही तूट ०.४१ ग्रॅम होते आणि चोख सोन्याच्या १२,००० रुपये भावाने तिची किंमत ४,९२० रुपये. २०१८ च्या नियमांनुसार ग्राहकाला या फरकाच्या दुप्पट रक्कम, म्हणजे ९,८४० रुपये, आणि शिवाय तपासणीचे शुल्क मिळण्याचा अधिकार आहे. ही भरपाई देण्याची जबाबदारी विकणाऱ्या सराफाची.

तक्रार BIS Care अॅपमधूनच करता येते. दागिन्याचे छायाचित्र, क्रमांक, पावती आणि केंद्राचा अहवाल जोडावा. बीआयएसची कार्यालये राज्यात मुंबई, पुणे व नागपूर येथे आहेत. वजन, घडणावळ किंवा परताव्याच्या तक्रारीशी बीआयएसचा संबंध नाही. त्यासाठी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करावी किंवा जिल्हा ग्राहक आयोगाकडे जावे. आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते आणि ५ लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी तेथे शुल्क नाही.

साखळी केंद्रात नेईपर्यंत ती सराफाकडे ‘जरा पाहून देतो’ म्हणून सोडू नये. दुरुस्तीच्या निमित्ताने कडीजवळची पट्टी बदलली गेली की तिच्यावरचा क्रमांकही जातो आणि पावतीवरील साखळी हीच होती हे दाखवणे कठीण होऊन बसते. खरेदीच्या दिवशीच भिंगाखाली धरून शिक्क्याचे छायाचित्र काढावे आणि ते पावतीच्या छायाचित्राशेजारी जपून ठेवावे. पावतीची शाई दोन उन्हाळ्यांत पुसट होते.